मिक्सरच्या परीक्षणाचे थंबनेल: वस्तू मोठी ठेवून बोलणाऱ्या व्यक्तीला जागा कशी काढावी?

ऋजुता_वाई

नमस्कार. मी आणि माझे धाकटे दीर मिळून स्वयंपाकघरातील उपकरणांच्या परीक्षणांचे एक लहानसे यूट्यूब चॅनेल चालवतो. बोलण्याचे काम माझे आणि चित्रीकरणाचे त्यांचे. सध्या 750 वॅटचा, तीन भांड्यांचा एक मिक्सर तीन महिने रोज वापरून त्यावरचा व्हिडिओ तयार केला आहे. मिक्सर एकूण चांगला आहे, परंतु चटणीच्या भांड्याखालचा कप्लर, म्हणजे मोटारीची गती पात्यापर्यंत नेणारा दात्यांचा भाग, एवढ्या काळातच झिजला, हे त्या परीक्षणातील मुख्य म्हणणे आहे.

अडचण थंबनेलची आहे. ओट्यावर मिक्सर मध्यभागी ठेवला, मी उजवीकडे उभी राहिले आणि डावीकडे "750 वॅट मिक्सर, 3 महिने वापरल्यानंतरचा खरा अनुभव" असे तीन ओळींत लिहिले. संगणकावर ते छान दिसते. फोनवर इतर व्हिडिओंच्या रांगेत मात्र अक्षरे वाचता येत नाहीत आणि पांढऱ्या टाइल्ससमोर पांढरा मिक्सर अगदी विरघळून जातो. मिक्सर मोठा केला तर तो माझ्या चेहऱ्यावर येतो. मी बाजूला सरकले तर खांदा कापला जातो. मजकूर खाली घेतला तर त्याचा शेवट व्हिडिओची लांबी दाखवणाऱ्या काळ्या चौकटीखाली जातो. या तिघांना एका चित्रात कसे बसवावे?

तुषार_तंत्र

ताई, यात फार अवघड काही नाही. 1280 बाय 720 पिक्सेलचे चित्र घ्या आणि त्याचे उभे तीन समान भाग करा. डाव्या भागात मजकूर, मधल्या भागात वस्तू आणि उजव्या भागात चेहरा ठेवा. अक्षरे पिवळी असावीत आणि त्यांना जाड काळी किनार द्यावी. चेहऱ्यावर आश्चर्य स्पष्ट दिसले पाहिजे, कारण मोठा चेहरा असलेल्या थंबनेलना यूट्यूबची यंत्रणा अधिक लोकांपर्यंत पोहोचवते. मी गेली दोन वर्षे मोबाइलच्या परीक्षणांसाठी हीच रचना वापरत आहे आणि ती व्यवस्थित चालते.

माधवराव_डोंबिवली

ऋजुताताई, बोलणाऱ्या व्यक्तीसाठी जागा सोडायची असेल तर व्हिडिओच्या शेवटी 20 सेकंदांचा भाग मोकळा ठेवावा. शेवटी जे पुढच्या व्हिडिओंचे चौकोन येतात ते 5 ते 20 सेकंदच दाखवता येतात. त्या वेळी आपण एका बाजूला उभे राहिलो तर चौकोन आपल्या चेहऱ्यावर येत नाहीत. माझ्या बागकामाच्या व्हिडिओंमध्ये मी आधी हीच चूक करत असे.

ऋजुता_वाई

माधवराव, आभारी आहे. शेवटच्या भागासाठी ही सूचना नक्की उपयोगी पडेल. माझा प्रश्न मात्र व्हिडिओ उघडण्यापूर्वी दिसणाऱ्या चित्राविषयी आहे.

तुषार, मी जवळजवळ तुम्ही सांगितलेलीच विभागणी केली होती. तरीही मिक्सर लहानच दिसतो.

जुळारी_सांगली

मी वीस वर्षांहून अधिक काळ वृत्तपत्रांतील जाहिरातींची मांडणी केली आणि अलीकडे काही चॅनेलांसाठी थंबनेलही करतो. ऋजुताताई, तुमच्या चित्रात बिघाड कुठे आहे तो आधी सांगतो, म्हणजे पुढची मांडणी तशीच का करायची हे लक्षात येईल.

तीन समान भाग केले की तिन्ही गोष्टी सारख्याच मोठ्या होतात, म्हणजेच कोणतीच मोठी राहत नाही. मोबाइलसारख्या उभट आणि सपाट वस्तूला तिसरा हिस्सा पुरतो, म्हणून तुषार यांचे चांगले चालते. मिक्सरची गोष्ट वेगळी आहे. भांडे लावलेला मिक्सर रुंदीच्या जवळजवळ दुप्पट उंच असतो आणि आपली चौकट आडवी असते. तो वरपासून खालपर्यंत पूर्ण बसवला तरी एक अरुंद खांबच दिसतो, आणि त्यात कप्लर तर दिसतच नाही, कारण तो भांड्याच्या बुडाला असतो.

म्हणून वस्तू मोठी करण्याआधी तिची बैठक बदला. चटणीचे भांडे मोटारीवरून काढा आणि तिच्या पुढे असे आडवे टेकवून ठेवा की त्याचे बूड कॅमेऱ्याकडे येईल. आता उभा खांब जाऊन आडवा समूह तयार झाला. मागे असलेली मोटार अर्धी कापली गेली तरी चालेल, कारण गोल बटण आणि वरची खाच एवढे दिसले की तो मिक्सर आहे हे कोणालाही कळते.

आता जागेचा हिशेब पाहू. 1280 पिक्सेलच्या रुंदीपैकी डावीकडचे साधारण 750 पिक्सेल वस्तू आणि मजकूर यांना द्या. त्यात खालचे 500 पिक्सेल वस्तूचे आणि वरचा सुमारे 200 पिक्सेलचा पट्टा मजकुराचा. त्यानंतर 50 ते 60 पिक्सेलची रिकामी गल्ली सोडा. उरलेली जागा, म्हणजे उजवीकडचे सुमारे 470 पिक्सेल, तुमची. तुम्ही कमरेपासून वर दिसा, डोके वरच्या कडेपासून थोडे खाली असू द्या आणि नजर भांड्याकडे ठेवा. ती गल्ली मात्र भरू नका. लहान चित्रात तुमच्या बाहीचा रंग आणि भांड्याची कड एकमेकांना चिकटली की दोन आकृत्यांचा एकच ढिगारा होतो, आणि मोठ्या पडद्यावर काम करताना हे ध्यानात येत नाही.

उजवी बाजू व्यक्तीला द्यावी हे तुषार यांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र त्याचे कारण माझ्या मते निराळे आहे. व्हिडिओची लांबी उजव्या खालच्या कोपऱ्यात येते. संगणकावर चित्रावर बाण नेला की उजव्या वरच्या कोपऱ्यात नंतर पाहण्याची चिन्हे उमटतात. तेथे तुमचा खांदा आणि केस असतील तर काही बिघडत नाही. तेथे अक्षरे किंवा कप्लर असेल तर तो झाकला जातो. आधी पाहिलेल्या व्हिडिओच्या खालच्या कडेला लाल रेघ येते, त्यामुळे अगदी तळाशीही मजकूर ठेवू नये.

मजकुराविषयी सांगायचे तर, तुमच्या तीन ओळी शीर्षकात जाऊ द्या, कारण शीर्षक चित्राच्या अगदी जवळच छापलेले असते. चित्रावर "कप्लर झिजला" एवढे दोनच शब्द ठेवा. तुमच्या जुन्या मांडणीत अक्षरांची उंची 55 पिक्सेलच्या आसपास असावी असा माझा अंदाज आहे. संगणकावर चालू व्हिडिओच्या शेजारच्या यादीत चित्र सुमारे 168 पिक्सेल रुंद असते, म्हणजे ते साडेसात पटींहून अधिक लहान होते. तेथे 55 पिक्सेलची अक्षरे जेमतेम सात पिक्सेलची उरतात आणि तेवढ्यात मात्रा व वेलांटी वेगळी दिसत नाही. दोन शब्दांसाठी तुम्हाला 110 पिक्सेल उंची सहज मिळेल, म्हणजे लहान चित्रात चौदा उरतील.

तुषार_तंत्र

जुळारीदादा, लांबीच्या चौकटीकडे मी कधी या दृष्टीने पाहिले नव्हते. मोठ्या चेहऱ्याचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. माझ्या चॅनेलवर चेहरा असलेल्या व्हिडिओंवर क्लिकचे प्रमाण निश्चितच जास्त आहे.

जुळारी_सांगली

ते तुमच्या बाबतीत खरे असेल, कारण तुमचे प्रेक्षक तुमचा चेहरा ओळखतात. माणसे चेहऱ्याकडे बघतात आणि त्यामुळे क्लिक वाढतात, हे मला पटते. यंत्रणा केवळ चेहरा आहे म्हणून व्हिडिओ पुढे ढकलते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. नव्या चॅनेलवर अनोळखी चेहरा वस्तूपेक्षा मोठा झाला, तर परीक्षण कशाचे आहे हेच कळत नाही. तोंड उघडून आश्चर्य दाखवण्याविषयी म्हणाल, तर कप्लर झिजल्याचे सांगणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर किंचित नाराजी असणे अधिक स्वाभाविक वाटते.

फवारणी_बारामती

मी शेतीच्या अवजारांची परीक्षणे करतो. माझा पंप 16 लिटरचा, बॅटरीवर चालणारा, पाठीवर अडकवायचा. पंप पाठीवर घेतला की तो माझ्या मागे जातो आणि वस्तूच दिसत नाही. पाठमोरा उभा राहिलो की चेहरा जातो. फवारणीची नळी लांब असल्यामुळे ती पूर्ण दाखवायची म्हटली तर कॅमेरा दूर न्यावा लागतो आणि सगळेच लहान होते. वरील हिशेब मला लागू होईल का?

जुळारी_सांगली

हिशेब तोच, परंतु वस्तू अंगावर घालण्याचा मोह सोडावा लागेल. टाकी डावीकडे एखाद्या पेटीवर ठेवून कॅमेऱ्याजवळ आणा. पट्टे मागे लपवा आणि ज्या बाजूला कळ व चार्जिंगचे छिद्र आहे ती बाजू पुढे करा. नळी चौकटीबाहेर जाऊ द्या, तिचे टोक तेवढे हातात धरा. परीक्षण नोझलच्या फवाऱ्याविषयी असेल तर मात्र टाकी मागे आणि नोझल मोठे ठेवावे. परीक्षणाचे मुख्य म्हणणे वस्तूच्या ज्या भागाशी जोडलेले आहे, तो भाग सर्वांत मोठा दिसावा.

ऋजुता_वाई

दादा, मनापासून आभार. आज प्रयत्न केला आणि तीन नव्या अडचणी आल्या. स्टीलच्या भांड्यात माझी लाल साडी आणि खिडकीचे गज दिसतात. भांड्याचे बूड जवळून टिपले तर ते फुगीर आणि वाकडे दिसते. शिवाय अक्षरांना काळी किनार दिली की "झि" आणि "प्ल" काळ्या गोळ्यासारखे होतात आणि शिरोरेषेवर मधे मधे काळे तुकडे येतात.

जुळारी_सांगली

स्टीलला स्वतःचा रंग नसतो, समोर जे असेल तेच ते दाखवते. भांड्याच्या दोन्ही बाजूंना थर्माकोलचे पांढरे पत्रे चौकटीच्या लगेच बाहेर उभे करा, म्हणजे गजांऐवजी पांढरी, सरळ झळाळी दिसेल. तुम्हीही टिपणाऱ्याच्या मागे उभ्या राहू नका.

फुगीरपणा जवळ जाण्यामुळे येतो. फोन भांड्यापासून एक वितीवर धरला की पुढचा भाग अवास्तव मोठा होतो. दीड ते दोन मीटर मागे या आणि फोनचे दुप्पट जवळ आणणारे भिंग वापरा. एक गोष्ट आधीच सांगतो: तुमचा फोटो आणि वस्तूचा फोटो वेगळे घ्या, पण तिपाई, वेळ आणि उजेडाची दिशा तीच ठेवा. वस्तूचा फोटो घेतानाच उजवीकडचा भाग रिकामा सोडला की नंतर जागा शोधावी लागत नाही.

अक्षरांचे उत्तर माझ्यापेक्षा अधिक जाणणारे कोणी येथे देईल.

मृदुला_अक्षररचना

मी पुण्यात अक्षररचनेचे काम करते. ऋजुताताई, किनार अक्षराच्या कडेवर मध्यभागी बसली असेल तर ती अर्धी आत शिरते आणि "प", "झ" यांच्या आतील पोकळ्या खाऊन टाकते. किनार बाहेरच्या बाजूने वाढेल असे निवडा. शिरोरेषेवरचे काळे तुकडे येण्याचे कारण असे की देवनागरीत प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे एकमेकांवर चढतात. काही ॲप प्रत्येक अक्षराला स्वतंत्र किनार देतात, त्यामुळे सांधे उघडे पडतात. अशा ॲपमध्ये किनारीचा नाद सोडून मजकुरामागे एका रंगाची पट्टी द्यावी, किंवा काळ्या रंगातील तोच मजकूर थोडा सरकवून मागे ठेवावा. दोन अक्षरांमधील अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

फाँट निवडताना बालू किंवा मुक्ता यांची सर्वांत जाड वजने पाहा. दोन्ही मुक्त वापरासाठी उपलब्ध आहेत आणि लहान आकारातही त्यांच्या पोकळ्या बऱ्यापैकी उघड्या राहतात. फोटोशॉप वापरत असाल आणि "झिजला" मधील वेलांटी चुकीच्या बाजूला जात असेल, तर मजकुराच्या सेटिंगमध्ये World-Ready Layout निवडावे लागते.

मजकूर दोन ओळींत गेला तर ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर ठेवावे लागते, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. "कप्लर झिजला" या शब्दांत खाली लोंबणारे काहीच नाही, त्यामुळे ते एका ओळीत मोठे बसतील. "मूल्यमापन" असा शब्द असता तर त्याच उंचीत अक्षरे बरीच लहान करावी लागली असती.

तुषार_तंत्र

मला एक मूलभूत शंका आहे. "कप्लर झिजला" असे चित्रावरच लिहिले तर व्हिडिओ कोण उघडणार? उत्तर आधीच कळले. "3 महिन्यांनी काय झाले?" असे लिहिले तर उत्सुकता राहते.

मृदुला_अक्षररचना

तुमच्या वाक्यात चार शब्द आणि एक प्रश्नचिन्ह आहे, त्यामुळे अक्षरांची उंची निम्म्यावर येईल. उत्सुकतेचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यासाठी "टिकला का?" एवढेही पुरेल.

जुळारी_सांगली

यावर माझे मत ठाम नाही. ज्याला मिक्सर घ्यायचा आहे त्याला कप्लर झिजल्याचे वाचून कोणता मिक्सर, किती वापर, बदलून मिळतो का, हे प्रश्न पडतातच. दुसरीकडे, ज्याला कप्लर म्हणजे काय हेच ठाऊक नाही तो त्या शब्दावरून पुढे निघून जाईल. यूट्यूबच्या टेस्ट अँड कंपेअर सोयीत एकाच व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावून पाहता येतात. ती सोय केवळ क्लिक मोजत नाही, तर कोणत्या चित्राने अधिक वेळ पाहणे घडवले त्यावर निकाल देते. त्यामुळे चित्र भुलवणारे असेल आणि लोक लगेच निघून जात असतील तर ते जिंकत नाही.

फवारणी_बारामती

मी ती सोय पंपाच्या व्हिडिओवर वापरली होती. दोन आठवडे थांबलो आणि शेवटी तिन्हींमध्ये ठोस फरक नाही असे आले. माझ्यासारख्या लहान चॅनेलवर तेवढे प्रेक्षकच येत नाहीत. माझ्या तिन्ही चित्रांत फक्त अक्षरांचा रंग वेगळा होता, हेही कारण असू शकेल.

ऋजुता_वाई

चार दिवसांनी लिहीत आहे, कारण हे तीनदा करावे लागले.

पहिल्या वेळी मागे गडद हिरवा कागद लावला. पांढरी मोटार त्यावर सुंदर उठून दिसली, परंतु काळा कप्लर भांड्याच्या सावलीत हरवला. दिरांनी भांड्याच्या खाली पुढच्या बाजूला पांढरा पुठ्ठा आडवा ठेवला, त्यावरून उजेड वर परतला आणि कप्लरचे दाते दिसू लागले. दुसऱ्या वेळी वस्तूचा फोटो सकाळी खिडकीच्या उजेडात घेतला आणि माझा रात्री ट्यूबलाइटखाली. एकत्र जोडल्यावर भांडे ऊबदार रंगाचे आणि माझा चेहरा निळसर, शिवाय त्याची सावली उजवीकडे आणि माझी डावीकडे. दादांनी आधीच बजावले होते, तरी घाई केली. तिसऱ्या वेळी दोन्ही फोटो सकाळी दहा वाजता, डावीकडच्या खिडकीजवळ, तिपाई न हलवता घेतले. लाल साडीऐवजी फिकट पिवळी नेसले.

मजकूर बालूमध्ये पांढरा ठेवला आहे, किनार न देता. हिरव्या कागदावर तिची गरजच पडली नाही. चित्र 168 पिक्सेलचे करून फोनवर हात लांब धरून पाहिले आणि सासूबाईंनाही चष्म्याशिवाय पाहायला दिले. त्यांनी "कप्लर झिजला" लगेच वाचले, मिक्सर ओळखला आणि मलाही ओळखले. परंतु कप्लरकडे बोट दाखवून "हे काय आहे?" असे विचारले. तो लहान चित्रात वाटाण्याएवढाच दिसतो. झिजलेली कड तर मुळीच कळत नाही. मोटार काढून फक्त भांड्याचे बूड मोठे केले, तर त्यांना ते कुकरच्या झाकणासारखे वाटले.

जुळारी_सांगली

ताई, हा या वस्तूचाच पेच आहे. झिजलेला आणि नवा असे दोन कप्लर शेजारी ठेवले तर फरक दिसेल. बाजारात सुटा कप्लर मिळतो. परंतु मग वस्तू एकाऐवजी तीन होतात आणि मोटार लहान करावी लागते. मला वाटते, मोटारीची फक्त उजवी कड आणि बटण चौकटीत ठेवावे, भांडे आणखी दीडपट मोठे करून डावीकडून कापावे आणि नवा कप्लर तुमच्या हातात द्यावा. हात त्या रिकाम्या गल्लीत येईल. या एका कारणासाठी गल्ली मोडली तर माझी हरकत नाही.

मृदुला_अक्षररचना

हात गल्लीत आला तर बाही हिरव्या कागदापेक्षा फिकट आणि भांड्यापेक्षा वेगळ्या रंगाची हवी. पिवळी साडी चालेल, परंतु स्टीलवर तिची झळाळी येते का ते पाहावे लागेल.

तुषार_तंत्र

मी अजूनही "टिकला का?" याच्या बाजूने आहे. दोन्ही लावून पाहाच.

ऋजुता_वाई

उद्या सकाळी बाजारातून सुटा कप्लर आणते आणि दहाच्या उजेडात पुन्हा फोटो घेते. टेस्ट अँड कंपेअरमध्ये एक चित्र "कप्लर झिजला" आणि हातातल्या नव्या कप्लरचे, दुसरे "टिकला का?" आणि सध्याच्या मांडणीचे लावीन. चित्र आणि शब्द दोन्ही बदलल्यामुळे फरक कशाने पडला ते सांगता येणार नाही, असे दीर म्हणत आहेत आणि त्यांचे बरोबर आहे. म्हणून तिसऱ्या जागी हातातल्या कप्लरचेच चित्र ठेवून शब्द "टिकला का?" करीन. दोन आठवड्यांनी जे येईल ते येथेच लिहीन.